लेजंडरी पडतच नाही! लूट टेबलातली वजनं आणि रॅरिटीचं गणित

प्रश्न: दादा, आम्ही दोघं मित्र भांडुपला बसून फावल्या वेळात एक ॲक्शन आरपीजी बनवतोय. लूट टेबलात साध्या वस्तूला १०० आणि लेजंडरीला १ असं वजन दिलंय. आधी बरं चाललं होतं, पण सहा नवीन साध्या तलवारी घातल्यावर लेजंडरी पडणं जवळजवळ बंदच झालं. शिवाय मॅजिक फाइंड १००% केलं तरी काही फरक पडत नाही. डायब्लो २ मध्ये हे सगळं कसं चालतं? आमचं कुठे चुकतंय?

उत्तर:

तुमचं टेबल मी पाहिलेलं नाही, म्हणून एक टेबल धरून चालतो. तुमचंही साधारण असंच असणार. साध्या वस्तू सहा, प्रत्येकी वजन १००. मॅजिक चार, प्रत्येकी २५. रेअर तीन, प्रत्येकी १०. लेजंडरी दोन, प्रत्येकी १. सगळ्यांची बेरीज ६०० + १०० + ३० + २ म्हणजे ७३२. दोन्ही लेजंडरी मिळून शक्यता ७३२ मध्ये २, म्हणजे ३६६ ड्रॉपमागे एक.

आता सहा तलवारी वाढवा. बेरीज होते १३३२ आणि लेजंडरीची शक्यता ६६६ मध्ये एक. लेजंडरीच्या ओळीला तुम्ही हातही लावला नाहीत, १ चा १ च राहिला, पण तिची किंमत निम्म्याच्या आसपास आली. वजन म्हणजे टक्का नव्हे. त्याला अर्थ येतो तो खालच्या बेरजेमुळे, आणि ती बेरीज टेबलातली प्रत्येक नवी ओळ बदलते. आर्टिस्टने हौसेने चार ढाली जास्त काढल्या की अर्थव्यवस्था हलली. ढाली काढणाऱ्याला याचा पत्ताही नसतो.

यावर इलाज एकच, रॅरिटी आणि वस्तू यांचे दोन वेगळे रोल करा. पहिल्या टेबलात फक्त चार ओळी: साधी ६००, मॅजिक १००, रेअर ३०, लेजंडरी २. तिथे जो टिअर निघेल त्याच्या स्वतःच्या यादीतून दुसरा रोल. म्हाडाच्या सोडतीसारखं समजा. अत्यल्प उत्पन्न गटात अर्ज कितीही वाढले तरी उच्च गटातल्या घरांच्या चिठ्ठ्यांना धक्का लागत नाही, कारण प्रत्येक गटाची सोडत वेगळी. तसंच इथे साध्या तलवारी सहाच्या बारा झाल्या तर साध्या वस्तूच एकमेकींचा वाटा खातील. लेजंडरी ३६६ मध्ये एकच राहील.

या रचनेलाही एक खोड आहे, ती आधीच सांगून ठेवतो. लेजंडरी टिअरमध्ये दोनाच्या चार वस्तू केल्यात तर ‘कोणतीही लेजंडरी’ ३६६ मध्ये एकच राहते, पण ‘तीच विशिष्ट कुऱ्हाड’ ७३२ वरून १४६४ मध्ये एक होते. ज्याचं अख्खं बिल्ड त्या कुऱ्हाडीवर उभं आहे, त्याच्या दृष्टीने तुम्ही गुपचूप ड्रॉप रेट निम्मा केलात. म्हणून पॅच नोट्समध्ये ‘लेजंडरी रेट बदललेला नाही’ असं लिहिण्याआधी कोणता रेट ते स्वतःला विचारा.

मॅजिक फाइंडकडे जाण्याआधी तुमचं वजनदार निवड करणारं फंक्शन एकदा उघडून बघा. ते साधारण असं असायला हवं:

```
int Pick(int[] w, Random rng) {
  int total = 0;
  foreach (int x in w) total += x;
  int r = rng.Next(total);   // 0 .. total-1
  for (int i = 0; i < w.Length; i++) {
    if (r < w[i]) return i;
    r -= w[i];
  }
  return -1;
}
```

यात `r < w[i]` आहे. पुष्कळ ठिकाणी मला इथे `<=` दिसतं, आणि ते एक चिन्ह फार खोडसाळ आहे. ७३२ च्या टेबलात `<=` लावलं तर पहिल्या ओळीला ० ते १०० असे १०१ आकडे मिळतात, शंभर नव्हे. मग पुढची प्रत्येक ओळ एका घराने मागे सरकते, तिच्या वाट्याचे आकडे तेवढेच राहतात. फटका बसतो शेवटच्या ओळीला, तिचा एक आकडा जातो. शेवटची ओळ साधी असती तर शंभरातला एक गेला असता, कुणाला कळलंही नसतं. पण लोक टेबल साध्यापासून लेजंडरीपर्यंत उतरत्या वजनाने लिहितात, म्हणजे तळाला वजन १ ची लेजंडरी. तिचा एकमेव आकडा गेला की ती वस्तू गेममध्ये कधीच पडत नाही. दुसरी लेजंडरी मात्र नीट पडत राहते, म्हणून खेळणाऱ्यांना वाटतं नशीब खराब आहे. ‘आमचं बरं चाललं होतं’ असं तुम्ही म्हणता तेव्हा दोन्ही लेजंडरी पडताना पाहिल्या होत्या की एकच, हे आधी तपासा.

युनिटीत असाल तर आणखी एक गोष्ट. `Random.Range` ला पूर्णांक दिले तर वरचा आकडा कधीच येत नाही, पण दशांश दिले तर येऊ शकतो. म्हणून निवडीसाठी वजनं पूर्णांकातच ठेवा. ०.२५ वगैरे हवं असेल तर सगळ्याच ओळींना चाराने गुणा.

आता मॅजिक फाइंड. शंभर टक्के करूनही फरक पडत नसेल तर बहुधा तुम्ही प्रत्येक वजनाला (१ + मॅजिक फाइंड) ने गुणताय. सगळी वजनं दुप्पट झाली की बेरीजही दुप्पट होते आणि गुणोत्तर जिथल्या तिथे राहतं. साधी वगळून फक्त वरचे तीन टिअर दुप्पट करा: मॅजिक २००, रेअर ६०, लेजंडरी ४, साधी ६०० तशीच. बेरीज ८६४, लेजंडरी २१६ मध्ये एक. म्हणजे ३६६ वरून २१६. निम्म्यावर, म्हणजे १८३ वर, आलं नाही, कारण मॅजिक आणि रेअर वाढले तेही त्याच बेरजेत बसतात. टूलटिपवर ‘शक्यता दुप्पट’ असं लिहिलंत तर ते खोटं ठरेल. हिशेब ठेवणारे खेळाडू असतातच, ते दोन दिवसांत पकडतील.

डायब्लो २ ने (२०००, ब्लिझर्ड नॉर्थ) हे वेगळ्या वाटेने सोडवलं. त्यांची रीत समजली की तुम्हाला काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते कळेल. तिथे राक्षस मेला की त्याच्या ट्रेझर क्लासवर रोल होतो. हे क्लास `TreasureClassEx.txt` या फाइलमध्ये आहेत. त्यातल्या एका ओळीत ‘काहीच नाही’ याचं वजन असतं, `NoDrop`, आणि पुढे सोनं, हत्यारं-चिलखतं, किरकोळ माल, चांगला माल अशा नोंदी. या नोंदी स्वतःच दुसऱ्या ट्रेझर क्लासची नावं असू शकतात. म्हणजे एका टेबलातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असं करत शेवटी एक नुसती वस्तू हाती येते: शाको नावाचं शिरस्त्राण, किंवा एखादी कुऱ्हाड. तोवर ती कोणत्या रॅरिटीची हे ठरलेलंच नसतं.

`NoDrop` ची एक गंमत आहे. समजा त्याचं वजन १०० आणि बाकी सगळ्यांची बेरीज ६०. एकटे खेळताना १६० पैकी १०० वेळा, म्हणजे ६२.५% वेळा, काहीच पडत नाही. गेममध्ये माणसं वाढली की ही शक्यता घातांकाने घटते. एकट्याने ऑफलाइन खेळताना `/players 7` टाइप केलं तर घातांक ४ होतो: ०.६२५ चा चौथा घात ०.१५. म्हणजे आता पंचाऐंशी टक्के वेळा काहीतरी पडतं. सातच्या जागी आठ केलं तर घातांक चारच राहतो, कारण अपूर्णांक टाकून दिला जातो. राक्षसांचं आयुष्य मात्र वाढतं. म्हणून एकटे फार्मिंग करणारे जाणकार विषम आकडाच टाकतात. तुमच्यासाठी यातला मुद्दा असा की ‘किती पडतं’ आणि ‘किती भारी पडतं’ या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या ठेवल्या. माणसं वाढली की पहिली वाढते, मॅजिक फाइंडने दुसरी. पाथ ऑफ एक्झाइलमध्ये तर या दोघींना क्वांटिटी आणि रॅरिटी अशी वेगळी नावंच आहेत. तुम्ही ‘काहीच नाही’ ही ओळ वस्तूंच्याच टेबलात ठेवली असेल तर प्रत्येक नवी तलवार ड्रॉपचं प्रमाणही वाढवतेय, हे लक्षात घ्या.

वस्तू ठरल्यावर रॅरिटीची पाळी. इथे डायब्लो २ मध्ये वजनांचं टेबल नाहीच. एकामागून एक चाळण्या आहेत. आधी विचारतात, युनिक आहे का? नसेल तर सेट? नसेल तर रेअर? मग मॅजिक, मग सुपीरिअर, नॉर्मल, आणि शेवटी मोडकीतोडकी. प्रत्येक चाळणी ही स्वतंत्र नाणेफेक. युनिकची चाळणी अशी:

```
chance = (400 - (ilvl - qlvl)) * 128
eff    = MF * 250 / (MF + 250)
chance = chance * 100 / (100 + eff)
// chance 6400 पेक्षा कमी झाला तर 6400
// 0..chance-1 मधला रोल 128 पेक्षा लहान आला तर युनिक
```

`ilvl` म्हणजे पडलेल्या वस्तूची लेव्हल, जी राक्षसाच्या लेव्हलवरून येते. `qlvl` ही त्या प्रकारच्या वस्तूची मूळ लेव्हल. शाकोची ५८ आहे. ८५ लेव्हलच्या साध्या राक्षसाकडून शाको पडला तर ४०० मधून २७ वजा, उरले ३७३. मॅजिक फाइंड शून्य असेल तर तो ३७३ मध्ये एकदा युनिक निघेल. मॅजिक फाइंड १०० असेल तर परिणामी आकडा १०० राहत नाही, ७१ होतो, आणि शक्यता २१८ मध्ये एक. ३०० असेल तर परिणामी १३६, शक्यता १५८ मध्ये एक. १००० केलं तरी परिणामी २०० च, शक्यता १२४ मध्ये एक. पुढे कितीही चढवा, परिणामी आकडा २५० च्या वर जात नाही, म्हणजे १०७ मध्ये एक ही शेवटची हद्द.

हे बघितलंत की कळेल, त्यांनी मॅजिक फाइंडला मुद्दाम वाकवलंय. पहिल्या शंभराने ३७३ वरून २१८ वर आणलं. ३०० पासून १००० पर्यंतच्या सातशेने १५८ वरून जेमतेम १२४. तसं नसतं तर सगळ्यांनी अंगावर फक्त मॅजिक फाइंडचे कपडे घातले असते आणि राक्षस मारायला दहापट वेळ लावला असता. सेटसाठी २५० च्या जागी ५०० आहे आणि रेअरसाठी ६००, म्हणजे ते कमी वाकतात. मॅजिकसाठी वाकवणं नाहीच. माझ्या मते हा अख्ख्या पद्धतीतला सर्वात शहाणा भाग आहे. तुमच्या गेममध्ये दुसरं काही उचललं नाहीत तरी हे सूत्र उचला. बॉसच्या ट्रेझर क्लासला यावर आणखी वेगळी सवलत असते. ती `chance` मधून थेट काही हिस्सा कापते, म्हणून वरचे आकडे बॉसला लागू नाहीत.

अजून काम संपलं नाही. शाको युनिक निघाला की त्या प्रकारच्या युनिकच्या यादीतून, ज्यांची लेव्हल `ilvl` मध्ये बसते त्यांतून, एक निवडला जातो. शाकोचा युनिक म्हणजे हार्लेक्विन क्रेस्ट, त्याची लेव्हल ६९. राक्षस ६५ चा असेल तर चाळणी पास झाली तरी द्यायला काही नसतं. अशा वेळी डायब्लो २ त्याला रेअर करून टाकतो आणि टिकाऊपणा तिप्पट देतो. फसलेला सेट असेल तर मॅजिक आणि टिकाऊपणा दुप्पट. रेअर शाकोचा टिकाऊपणा भलताच जास्त दिसला की जुने खेळाडू हळहळतात, कारण तिथे युनिकचा रोल लागलेला होता.

हीच जागा घरगुती कोडमध्ये सर्वात जास्त फसते. टिअर आधी काढणाऱ्या तुमच्या रचनेत लेव्हल ३ च्या गुहेत लेजंडरी निघाली, पण दोन्ही लेजंडरी लेव्हल २० च्या असतील, तर काय होतं? काही जण यादी रिकामी म्हणून काहीच देत नाहीत. काही जण पुन्हा पहिल्यापासून रोल करतात. दुसरा पर्याय सभ्य वाटतो, पण लेजंडरीचा सगळा वाटा तो बाकीच्या तीन टिअरमध्ये वाटून टाकतो, त्यातला बहुतेक साध्यांना. एक पायरी खाली रेअरमध्ये उतरवा आणि लॉगमध्ये नोंद करा. खेळणाऱ्याच्या हाती निदान काहीतरी लागतं आणि तुम्हाला कळतं की किती लेजंडरी वाया जातायत.

मग तुम्ही कोणती पद्धत घ्यावी? दोन माणसांच्या गेमसाठी मी आधी टिअर, मग वस्तू हीच सुचवेन. डायब्लोची ‘आधी वस्तू, मग रॅरिटी’ ही रीत सुंदर आहे, पण तिथे हार्लेक्विन क्रेस्टची शक्यता काढायला ट्रेझर क्लासच्या पाच-सहा पायऱ्यांचा गुणाकार करावा लागतो. त्यांच्या चाहत्यांनी त्यासाठी वेगळे कॅल्क्युलेटर लिहिले. तुमची गेम अजून बाजारात यायचीय, तुमच्यासाठी असा कॅल्क्युलेटर कुणी लिहिणार नाही.

आता एक प्रश्न, जो तुम्ही विचारला नाहीत पण टेस्टर विचारतील. सगळं बरोबर केलंत, ३६६ मध्ये एक ठेवलंत. ३६६ ड्रॉप घेतल्यावर एक तरी लेजंडरी मिळाली असण्याची शक्यता ६३% आहे. उरलेल्या ३७% लोकांना एकही नाही. हजार ड्रॉपनंतरही सुमारे साडेसहा टक्के लोक कोरडेच. दोनशे जणांना बीटा दिलात तर त्यात असे तेराएक जण निघतील, आणि तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोलणारे तेच असतील. रॅंडम बिघडलेलं नसतं, ते असंच वागतं.

त्यांना शांत करायला लोक हमी लावतात: अमुक ड्रॉपपर्यंत मिळाली नाही तर पुढची नक्की. लावा, पण सरासरी हलते हे धरून लावा. ३६६ मध्ये एक तसंच ठेवून ६०० व्या ड्रॉपला हमी दिलीत तर खरी सरासरी २९५ मागे एक होते. सरासरी ३६६ च्या आसपासच ठेवायची असेल तर मूळ शक्यता ५५० मध्ये एक इतकी खाली न्यावी लागते, आणि मग तीनातली एक लेजंडरी हमीतून येते. खेळाडू ५९९ मोजून बॉसकडे जायला लागतात. हमी १००० वर ठेवलीत तर मूळ शक्यता ४०० मध्ये एक करून भागतं आणि हमीतून येणाऱ्या जेमतेम ८% राहतात. मी हजारच्या बाजूचा. हमी कोरड्या तेरा जणांसाठी असावी, सगळ्यांच्या वेळापत्रकासाठी नव्हे. आणि मोजणी सेव्ह फाइलमध्ये ठेवा, नाहीतर गेम बंद केली की ती शून्यावर येईल.

शेवटी तपासणी. राक्षस मारत बसू नका. `Pick` ला ठरावीक सीड देऊन दहा लाख वेळा फिरवा आणि टिअरनुसार नव्हे, तर एकेका वस्तूनुसार मोजा. लेजंडरी मिळून २७३२ च्या आसपास यायला हव्यात. त्यात साधारण शंभराचा चढउतार चालेल, म्हणजे २६३० ते २८३५ मध्ये काहीही आलं तर ठीक. एकेक लेजंडरी १३६६ च्या जवळ, सत्तर-पंचाहत्तर इकडेतिकडे. एक १३६६ आणि दुसरी शून्य आली तर तो वरचा `<=`. दोन्ही साधारण ७५० वर अडकल्या तर नव्या तलवारी अजून त्याच बेरजेत आहेत. मॅजिक फाइंड १०० वर ठेवून तेवढेच आकडे आले तर तुम्ही सगळंच गुणताय.

एक गोष्ट मात्र या तपासणीत सापडत नाही, ती गेम चालवूनच दिसते. बॉम्ब टाकून वीस राक्षस एकदम मारा. वीसही जणांनी तीच तलवार टाकली तर प्रत्येक ड्रॉपला `new Random()` होतोय. जुन्या .NET मध्ये त्याचं सीड घड्याळावरून येतं, आणि त्याच क्षणात बनलेले सगळे रॅंडम जुळे निघतात. सुरुवातीला एकच `rng` बनवा आणि तोच सगळीकडे फिरवा. वरच्या फंक्शनमध्ये तो बाहेरून येतो, तो त्याचसाठी.